गुडघ्याचं दुखणं आणि खुब्यातला ८ मिलिमीटरचा ठिपका

(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा १६ वर्षांचा, शाळेच्या संघातून कबड्डी खेळणारा. तक्रार डाव्या गुडघ्याची. बरोबर आई, वडील आणि चुलती. वडिलांनी फाइल टेबलावर ठेवली तेव्हा तिच्या जाडीवरूनच दुखणं जुनं आहे हे कळलं. नऊ महिने झाले होते. गुडघ्याचे दोन एक्स-रे, गुडघ्याचा एक एमआरआय, सगळं नॉर्मल. आधी लिगामेंट ताणल्याचं सांगितलं गेलं, मग वाढीच्या वयातलं दुखणं, मग गुडघ्याचे व्यायाम. कबड्डी बंद झाली, तरी दुखणं थांबलं नाही.

मी त्याला विचारलं, "जास्त कधी दुखतं?"

तो म्हणाला, "खेळताना एवढं नाय. रात्री दोन-अडीचला जाग येती. मग झोपच लागत नाय."

आई मध्येच बोलली. "गोळी दिली की अर्ध्या तासात गप झोपतोय, डॉक्टरसाहेब. म्हणून उशाखालीच पाकीट ठेवतो आम्ही." गोळी नेप्रोक्सेनची होती. नुसत्या पॅरासिटामॉलने तेवढा गुण येत नाही, हे तिनेच अनुभवातून शोधलं होतं.

पुढे जे काही केलं त्याची दिशा तिच्या या वाक्यानेच ठरवली. खेळाने हाडावर ताण पडून बारीक तडा गेला असेल, तर दुखणं मेहनतीने वाढतं आणि झोपून राहिलं की उतरतं. इथे उलट होतं. दिवसभर सुसह्य, रात्री असह्य, आणि सूज उतरवणाऱ्या गोळीने जवळजवळ पूर्ण आराम. तरुण वयात हा नमुना दिसला की ऑस्टिऑइड ऑस्टिओमा डोक्यात यायलाच हवा. नाव मोठं असलं तरी गाठ अगदी लहान असते, साधारण दीड सेंटिमीटरच्या आतली. कर्करोगाशी तिचा संबंध नाही. ती पसरत नाही, मोठी होत नाही, फक्त दुखते, आणि आकाराच्या मानाने फार दुखते. बहुतेक रुग्ण ५ ते २५ वयाचे असतात आणि मुलींपेक्षा मुलगे जास्त.

त्याला टेबलावर झोपवून तपासलं. गुडघा पूर्ण वाकत होता, सूज नव्हती, कुठे दाबून दुखत नव्हतं. डावी मांडी मात्र उजवीपेक्षा घेरात २ सेंटिमीटरने बारीक झालेली. मग गुडघा काटकोनात धरून पाय बाहेर वळवला, म्हणजे खुब्याचा सांधा आतल्या बाजूला फिरतो. उजवीकडे ४० अंशांपर्यंत सहज गेला. डावीकडे १५ अंशांवर तो कळवळला आणि हात नेला तो गुडघ्यावर. खुबा आणि गुडघा दोघांनाही एकाच नसेच्या फांद्या जातात, त्यामुळे खुब्यातलं दुखणं मेंदूला गुडघ्याचं वाटतं. गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा फिरवून पाहावा, असं आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. गर्दीच्या ओपीडीत तेवढंच राहून जातं, आणि मुलाचे नऊ महिने जातात.

खुबा अगदीच कुणाच्या नजरेत आला नव्हता, असं मात्र नाही. दोन महिन्यांपूर्वी एका ठिकाणी खुब्याचा एमआरआय झाला होता. अहवालात सांध्यात पाणी, सांध्याच्या अस्तराला सूज आणि मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हणजे खुब्यातल्या गोल डोक्याखालच्या निमुळत्या भागात, हाडातल्या मगजाची बरीच पसरलेली सूज, असं लिहिलेलं. शेवटी ओळ होती, 'जंतुसंसर्ग, क्षयरोगाची शक्यता विचारात घ्यावी.' त्यावर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. सांध्यातलं पाणी काढलं नव्हतं, हाडाचा नमुना घेतला नव्हता. गोळ्यांचे सहा आठवडे झाले होते, वजन तीन किलोने उतरलं होतं, आणि रात्रीचं दुखणं तसंच होतं.

ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना मी सरसकट दोष देणार नाही. आपल्याकडे खुब्याचा टीबी आजही दिसतो, आणि त्यातही मुलं रात्री ओरडून उठतात. दिवसभर सांधा आवळून धरणारे स्नायू झोपेत सैल पडले की सांधा हलतो आणि कळ येते. म्हणून 'रात्री दुखतं' एवढ्यावरून दोन्ही आजार वेगळे करता येत नाहीत. पण त्याला ताप नव्हता, अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांपैकी ईएसआर १२ म्हणजे नॉर्मल होता, सीआरपीही नॉर्मल, छातीचा एक्स-रे स्वच्छ, खुब्याच्या सांध्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी. आणि टीबीचं दुखणं एका गोळीने अर्ध्या तासात असं नाहीसं होत नाही.

एमआरआयने इथे फसवलं, आणि ते का हे समजून घ्यायला हवं, कारण महागडी तपासणी म्हणजे शेवटचा शब्द असं घरच्यांनाच नाही, आम्हालाही वाटू लागलं आहे. या गाठीचा गाभा, ज्याला निडस म्हणतात, काही मिलिमीटरचा असतो. त्यात नव्या, कच्च्या हाडाची जाळी, भरपूर रक्तवाहिन्या आणि बारीक नसांचे तंतू असतात. तो प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं फार मोठ्या प्रमाणात तयार करतो. त्यांनी आजूबाजूच्या रक्तवाहिन्या फुगतात, मगज ओला होतो, नसा चेततात. नेप्रोक्सेनसारखी गोळी नेमकी ही रसायनं बनणं थांबवते, म्हणून गुण येतो. एमआरआय पाण्याला फार संवेदनशील आहे. त्यामुळे तो सगळी सूज ठळक दाखवतो, आणि सूज जिथून उठली तो ठिपका तिच्यात बुडून जातो. त्यातून काप ४-५ मिलिमीटर जाडीचे आणि मध्ये अंतर सोडून घेतलेले असतील, तर ठिपका जेमतेम एका कापात येतो.

गाठ खुब्याच्या आवरणाच्या आत असली की साधा एक्स-रेही हात देत नाही. मांडीच्या किंवा नडगीच्या दांड्यात ही गाठ झाली, तर भोवती हाड जाड होऊन पांढरा उंचवटा दिसतो आणि मध्ये काळा ठिपका. सांध्याच्या आत हाडावरचं नवं हाड घालणारं आवरण पातळ असतं, म्हणून ती पांढरी भिंत उभीच राहत नाही. तिच्या जागी सांध्याचं अस्तर सुजतं आणि चित्र संधिवातासारखं किंवा टीबीसारखं दिसू लागतं.

मी दोन्ही खुब्यांचा एकत्र, समोरून एक्स-रे काढला. लाइटबॉक्सवर दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा डाव्या मानेची आतली कड उजवीपेक्षा किंचित जाड वाटली. तेवढ्यावर छातीठोकपणे काही म्हणता येत नव्हतं. मग सीटी स्कॅन लिहून दिला, पण नुसतं 'सीटी हिप' असं लिहिलं नाही. मांडीच्या हाडाच्या डोक्यापासून लहान उंचवट्यापर्यंतच, १ मिलिमीटरचे काप, आणि चिठ्ठीवर प्रश्न: 'मानेच्या आतल्या कडेत निडस आहे का?' शिवाय रेडिओलॉजिस्टना फोन केला. शोधणाऱ्याला काय आणि कुठे शोधायचं ते सांगितलं की अशा तपासणीचं मोल दुपटीने वाढतं, हा माझा अनुभव आहे. किरणांचा मारा फक्त हव्या त्या पट्ट्यावर होतो, हा वेगळा फायदा.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "सापडला. मानेच्या आतल्या-पुढच्या कडेत, ८ मिलिमीटर, मध्ये पांढरा कण." पडद्यावर चित्र पाठ्यपुस्तकातल्यासारखं होतं. हाडाच्या पांढऱ्या भिंतीत गोल, गुळगुळीत कडांचा काळा ठिपका, त्याच्या बरोबर मध्यभागी चुन्यासारखा कण, आणि ठिपक्याकडे जाणारी एक केसासारखी काळी रेघ, म्हणजे रक्तवाहिनीची वाट. मग जुना एमआरआय पुन्हा लावला. जागा माहीत झाल्यावर तो ठिपका तिथेही दिसला, एका कापात.

तरीही हाडातला जुना, बंदिस्त गळू असाच दिसू शकतो, आणि तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तो बाजूला सारता येत नाही. गळवाची आतली कड वेडीवाकडी असते, निडसची गुळगुळीत. गळवात मेलेल्या हाडाचा तुकडा असला तर तो मध्यावर नसतो, कुठेतरी कडेला असतो. आणि शिरेतून औषध देऊन पाहिलं तर गळवाची फक्त कड उजळते, मध्य पूने भरलेला असल्याने काळाच राहतो. निडस रक्ताने भरलेला असल्याने आधी तोच झपाट्याने उजळतो. ताणाने पडलेला तडा असता तर ठिपका नव्हे, रेघ दिसली असती.

निदान सांगितल्यावर खोलीत शांतता पसरली. 'गाठ' हा शब्द त्या घराला नवा नव्हता. चुलतीने उजवा हात पदराखालून बाहेर काढला. मनगट वळत नव्हतं, आणि तळहाताकडून वर लांब व्रण गेलेला. ती म्हणाली, "माझी बी साधीच गाठ म्हणले होते. दोनदा ऑपरेशन झालं. पोराचं असंच हुणार का?"

तिचे जुने एक्स-रे घरी होते. दुसऱ्या दिवशी मागवून घेतले, कारण या प्रश्नाला 'नाही' एवढं उत्तर पुरलं नसतं. तिची गाठ जायंट सेल ट्यूमर होती. तीही कर्करोग नव्हे, पण स्वभावाने पार वेगळी. ती झाली तेव्हा चुलती २९ वर्षांची होती, आणि ही गाठ येते ती हाडाची वाढ पुरी झाल्यावर, बहुधा विशी ते चाळिशीत. जागा हाडाच्या टोकाला, थेट सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत भिडलेली. गुडघ्याच्या वरची-खालची टोकं आणि मनगटाजवळचं हाड ही तिची आवडीची ठिकाणं. तिच्या एक्स-रेत मनगटाच्या हाडाचं टोक एका बाजूला काळं पडून फुगलं होतं, आणि काळ्या भागाला पांढरी किनार नव्हती. ती किनार हाडाने घातलेलं कुंपण असतं. ती नाही याचा अर्थ हाडाला कुंपण घालायला वेळ मिळालेला नाही, गाठ पुढे सरकते आहे.

मुलाची गाठ जागच्या जागी बसून ओरडते. चुलतीची गाठ फारसं न ओरडता हाड खात गेली. तिला पहिल्यांदा कळलं ते बादली उचलताना मनगटात कडकन आवाज आल्यावर.

पहिल्या ऑपरेशनात तिची गाठ खरवडून पोकळीत कमरेचं हाड भरलं होतं. नुसतं खरवडणं या गाठीला पुरत नाही. पोकळीला पुरेशी मोठी खिडकी करून, बर नावाच्या वेगाने फिरणाऱ्या अवजाराने भिंती घासून, कोपऱ्यांतल्या पेशी मारून मग बहुधा हाडाचं सिमेंट भरतात. सिमेंट घट्ट होताना तापतं, लगेच आधार देतं, आणि त्याच्या शेजारी गाठ परत उगवली तर एक्स-रेत काळी कड लवकर दिसते. चुलतीची गाठ सव्वा वर्षात परत आली, हाडाचं कवच फोडून बाहेर पडली. मग मनगटाकडचं हाडाचं टोकच काढून त्या जागी पायातलं बारीक हाड बसवावं लागलं.

डेनोसुमॅबच्या इंजेक्शनांबद्दल वडिलांनी कुठेतरी ऐकलं होतं. हाड खाणाऱ्या पेशींना मिळणारा हुकूम ते औषध अडवतं. चुलतीच्या गाठीत तो हुकूमच कामाला लागलेला असतो, म्हणून तो अडवला की गाठीभोवती पांढरं कवच तयार होतं आणि अवघड जागेतलं ऑपरेशन सोपं होऊ शकतं. पण मूळ पेशी मरत नाहीत. त्या नव्या कवचात दडतात, आणि नंतर नुसतं खरवडलं तर गाठ परतण्याचा धोका वाढलेला दिसतो. म्हणून हाड वाचवण्यासाठी खरंच लागेल तेव्हाच, थोड्या काळासाठी. मुलाच्या गाठीत त्याला काही काम नाही. आणखी एक गोष्ट मी तिच्या फाइलमध्ये शोधली आणि ती सापडली याचं समाधान वाटलं: रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की हाडात अशीच पोकळी होते, नमुनाही तसाच दिसतो, आणि तिथे हाडावरचं ऑपरेशन हा उपाय नसतो.

मुलापुढे तीन वाटा होत्या. पहिली, गोळ्या घेत राहणं. ही गाठ बऱ्याचदा काही वर्षांनी आपोआप विझते, त्यामुळे हा मार्ग खोटा नाही. पण रोज रात्री गोळी, तीन-चार वर्षं किंवा जास्त, म्हणजे पोट आणि मूत्रपिंडं पणाला लावणं. शिवाय त्याचा सांधा सुजलेला होता, मांडी बारीक होत होती. दुसरी, उघडं ऑपरेशन. पण मानेची आतली कड म्हणजे शरीराचा भार पेलणारी कमान. तिचा तुकडा काढला तर मान मोडण्याची भीती, म्हणून आधाराला स्क्रू. आणि ऑपरेशनच्या टेबलावर निडस डोळ्यांना दिसत नाही. ठोकळा काढला आणि निडस मागे राहिला असं घडतं. तिसरी वाट सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून निडस उष्णतेने मारण्याची, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन. १९९२ पासून ही पद्धत वापरात आहे आणि बहुतेक जागी तीच पहिली निवड ठरली आहे. गाठ मणक्यात मज्जारज्जूला खेटून असती, किंवा बोटात कातडीच्या अगदी लगत असती, तर मी एवढ्या सहज ती सुचवली नसती. उष्णतेला नस आणि गाठ यांतला फरक कळत नाही. मध्ये साधारण सेंटिमीटरभर जागा हवी.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही वाट ठरवण्यात घालवला. पुढून सरळ सुई घातली तर ठिपका जवळ, पण मांडीची मुख्य रक्तवाहिनी आणि नस त्याच वाटेवर. म्हणून बाहेरच्या बाजूने, मोठ्या उंचवट्याखालून हाडात शिरून मानेच्या आतूनच ठिपक्यापर्यंत जायचं ठरलं. यात एक खबरदारी लागते. बाहेरच्या भिंतीतलं भोक लहान उंचवट्याच्या पातळीच्या खाली गेलं तर त्या भोकातूनच मांडीचं हाड मोडू शकतं. हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मानेच्या मागच्या-वरच्या बाजूने जातात. आमचा ठिपका पुढे आणि खाली होता, म्हणून ती काळजी मिटली.

पूर्ण भूल दिली, कारण निडसला सुई लागली की जागा सुन्न असूनही कळ सहन होत नाही आणि रुग्ण जराही हलून चालत नाही. ड्रिल हाडातून जाताना नाडी ७८ होती. टोक निडसमध्ये शिरलं त्या क्षणी ती ११० वर गेली. भूलतज्ज्ञ म्हणाले, "पोचलात." भूल असतानाही शरीर असं सांगतं, हे या गाठीचं वैशिष्ट्य आहे, आणि सीटीच्या कापाने तेच दाखवलं. आधी नमुना घेतला, पॅथॉलॉजीला आणि टीबीच्या कल्चरला. मग १० मिलिमीटर उघड्या टोकाचा इलेक्ट्रोड ठिपक्याच्या आरपार बसवला. बाहेरची धातूची नळी टोकापासून सेंटिमीटरभर मागे ओढली, नाहीतर ती तापून वाटेतला स्नायू आणि कातडी भाजते. ९० अंश सेल्सिअस, ६ मिनिटं. ठिपका ८ मिलिमीटरचा, म्हणून एकच जागा पुरली. सेंटिमीटरच्या वरचा असता तर इलेक्ट्रोड दोन जागी बसवावा लागला असता. टोक मध्यावर न बसणं आणि मोठा निडस एकाच जागेवरून भाजून सोडणं, गाठ परतण्याची कारणं बहुधा हीच असतात.

त्या रात्री आई जागीच होती. सकाळी राउंडला गेलो तेव्हा म्हणाली, "दोन वाजता मीच उठले. तो उठलाच नाय." सुईच्या जागेचं दुखणं तीन दिवस राहिलं, पण ते वेगळं, हे त्याने स्वतःच सांगितलं.

पॅथॉलॉजीच्या अहवालात कच्च्या हाडाची जाळी आणि रक्तवाहिन्या, म्हणजे ऑस्टिऑइड ऑस्टिओमाच. टीबीचा मागमूस नव्हता. ज्यांनी टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या त्यांना मी सीटी आणि अहवाल दोन्ही पाठवले, बोललो, आणि त्यांनीच त्या बंद केल्या. हा नमुना नसता तर मला कल्चरची वाट पाहावी लागली असती. सुई इतकी बारीक असते की अनेकदा नमुन्यातून काहीच ठाम सांगता येत नाही, आणि मग सीटीचं चित्र व रुग्णाचा आराम यांवरच निदान उभं राहतं.

दोन आठवडे काठी, तीन महिने धावणं आणि उडी मारणं बंद. भोक पाडलेलं भार पेलणारं हाड लगेच कबड्डीला तयार नसतं, आणि दुखणं गेल्यावर सोळा वर्षांच्या मुलाला हे पटवणं सोपं नव्हतं. तीन महिन्यांनी खुबा दोन्हीकडे सारखा फिरत होता. पुन्हा एमआरआय काढा, असा वडिलांचा आग्रह होता. मी नको म्हटलं. मगजाची सूज उतरायला महिने लागतात, आणि तिची छाया पाहून घर पुन्हा घाबरलं असतं. रात्रीची झोप हीच इथे तपासणी. गाठ परतली तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आणि तेच जुनं दुखणं घेऊन. तेव्हा पुन्हा सीटी, आणि तोच उपाय पुन्हा करता येतो.

वर्षाने तो आला तेव्हा मांडीतला फरक अर्ध्या सेंटिमीटरवर आला होता. चुलतीही बरोबर होती. तिच्या गाठीच्या बाबतीत रात्रीची झोप काही सांगत नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर दीड वर्षात तिने एकदाही मनगटाचा एक्स-रे काढला नव्हता, आणि या गाठीचे कण क्वचित फुप्फुसात जाऊन बसतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी चिठ्ठी तिच्या नावाने लिहिली: मनगट दोन बाजूंनी, आणि छाती.